सात ठिकाणी पानी

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मोनाली वाकळेच्या हातात तिच्याच गाण्याचा टाइप केलेला कागद आला, आणि त्यात सात ठिकाणी ‘पाणी’ असं लिहिलेलं होतं. कागद आणणारी सई बँडची स्पर्धा भरवणाऱ्या कॉलेजची दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. गळ्यात स्वयंसेवकाचं ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. ती म्हणाली, ‘ताई, खाली गीतकार म्हणून सही करा फक्त. परीक्षकांना तीन प्रती द्यायच्यात.’ मोनालीने पेन घेतलं, टोपण काढलं आणि थांबली. गाणं तिचं होतं. ओळी जिथल्या तिथे होत्या, कडवी तीन, धृपद तीनदा. कुणीतरी मधल्या एका ओळीतली तिची वेलांटीही दुरुस्त केली होती, आणि ती बरोबर दुरुस्त केली होती. पण सात ठिकाणी न चा ण झाला होता. स्टेजवर दुसऱ्या कुठल्याशा बँडचा ड्रमवाला एकच ढोल पुन्हा पुन्हा वाजवून आवाज लावून घेत होता. तिने सहा वेळा तो आवाज मोजला आणि मग सईला म्हटलं, ‘पाच मिनिटं दे.’

कागद कुणी टाइप केला हे विचारायची गरज नव्हती. ईशान करंदीकर बँडचा गिटारवाला, आणि बँडचं सगळं टंकलेखन, मेल, अर्ज त्याच्याकडे. तिने त्याला वहीचं पान फाडून दिलं होतं, निळ्या शाईतलं. त्या पानावर तिने आयुष्यात पहिल्यांदा ‘पानी’ असं लिहिलं होतं. हे ईशानला माहीत असण्याचं कारण नव्हतं. बोलायला ती जिंतूरमध्ये अठरा वर्षं पानीच बोलली, पण लिहायला पहिलीपासून पाणी. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते डेपोच्या नोंदवहीत ‘रेडिएटरमध्ये पाणी भरले’ असं ठळक अक्षरात लिहीत आणि लिहिता लिहिता पोऱ्याला ओरडत, ‘आरं पानी आन की.’ हात एक लिहितो आणि तोंड दुसरं बोलतं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुण्याला पाठवताना आई म्हणाली होती, ‘तिथं नीट बोल बरं. आपलं बोलून दाखवू नको.’ नीट म्हणजे ण. होस्टेलच्या पहिल्या महिन्यात मोनालीने जीभ मागे वळवायची सवय केली, आंघोळीच्या वेळी, बादलीच्या आवाजात. कोण, आणि, पाणी, लोणी. तीन महिन्यांत जमलं. जमल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे नीटच जमलं होतं. त्या वहीच्या पानावर मात्र तिने न लिहिला आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. शाळेतल्या बाईंनी लाल गोल केला असता तिथे तिने स्वतःच्या मनात गोल केला, आणि तो तसाच राहू दिला.

इंग्रजीत ण नाही. बँडमध्ये ती आली ती त्या जोरावर. अडीच वर्षांपूर्वी ईशान, ड्रमवर जॉय मकासरे आणि बेसवर कधीच फारसं न बोलणारा तन्मय असे तिघे गायक शोधत होते, आणि मोनालीने कँटीनमागच्या खोलीत एक इंग्रजी गाणं अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवलं. मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ केलेलं. श्वास कुठे घेतलाय, शब्द कुठे अर्धा गिळलाय, सगळं जसंच्या तसं. ईशान म्हणाला, ‘तू कुठली गं?’ ती म्हणाली, ‘परभणी साइडची.’ तो म्हणाला, ‘छे, अजिबात वाटत नाही.’ ते तिला त्या वेळी बक्षीस वाटलं. पुढचं दीड वर्ष ते नऊ गाणी वाजवत फिरले. सगळी इंग्रजी, सगळी दुसऱ्याची, सगळी लोकांना पाठ असलेली. लोक पहिल्या चार सुरांतच ओळखून ओरडत, आणि ते ओरडणं आपल्यासाठी आहे असं वाटून अंगावर काटा येई. मग एकदा, अकरावा कार्यक्रम झाल्यावर, तिने सहज म्हणून एका गाण्याचे शब्द छापील स्वरूपात वाचले. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचं नाव होतं. ती तिथे दीड वर्ष जे म्हणत आली होती त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता, तीन अक्षरांचा नुसता आवाज होता. तिने ईशानला विचारलं, तुला ऐकू आलं नाही का कधी? तो म्हणाला, ‘काय?’ जॉयलाही नाही. अकरा ठिकाणच्या श्रोत्यांपैकी कुणालाच नाही. त्या रात्री तिला लाज वाटायला हवी होती. वाटली ती भीती. इतके दिवस मी तोंड उघडते आहे आणि कुणी ऐकतच नाहीये.

हे ती कुणाला बोलली नाही. वरवर जे कारण सांगितलं गेलं ते वेगळं होतं आणि तेही खरंच होतं. मागच्या वर्षी एका स्पर्धेत पाच बँडनी एकच गाणं वाजवलं. ईशानने त्यातला गिटारचा तुकडा मूळ रेकॉर्डवरून सूर न् सूर उतरवला होता, चार महिने घासून. परीक्षक म्हणाले, ‘फार सुंदर कॉपी.’ तिसरा नंबर. घरी येताना जॉय म्हणाला होता, ‘कॉपीत शंभरपैकी शंभर पडले तरी पेपर दुसऱ्याचाच ना रे.’ जॉय नगरचा, चर्चमधल्या गायनमंडळात वाढलेला. त्याचं म्हणणं असं की आमच्याकडे इंग्रजांच्या चाली शंभर वर्षांपूर्वीच आल्या आणि आमच्या आज्यांनी त्यात मराठी कोंबून सरळ केल्या. तुम्ही कोथरूडवाले कसली लाज धरून बसलात. ईशानने मग खरोखर मनावर घेतलं. पहिलं गाणं त्याने इंग्रजीत लिहिलं, खिडकीच्या काचेवर बर्फ, स्टेशनवर निरोप. मोनालीने विचारलं, ‘बर्फ कुठं पडला, करंदीकर? डहाणूकर कॉलनीत?’ दुसरं त्याने मराठीत लिहिलं, आणि त्यात काळोखाचा गर्भ होता, मुक्तीचा हुंकार होता, रक्ताळलेली क्षितिजं होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी ते वाजवलं. गिटारचा खरखरीत आवाज सुरू झाला तेव्हा पोरं गंभीर होती. मोनालीने पहिला मराठी शब्द उच्चारला आणि पहिल्या चार रांगा हसल्या. वाईट हेतूने नाही. त्यांना खरंच वाटलं की गंमत चाललीय. या आवाजावर मराठी म्हणजे विडंबनच असणार, पुढे बायकोचा किंवा वडापावचा विनोद येणार, म्हणून ते वाट बघत राहिले. विनोद आला नाही तेव्हा उठून चहाला गेले.

तिथे तिघांनी सोडून दिलं असतं. मोनालीच अडून बसली. तिला त्या हसण्यात एक गोष्ट दिसली होती जी बाकीच्यांना दिसली नाही, ती म्हणजे लोकांनी पहिला शब्द ऐकला. हसण्यापुरता का होईना, शब्द कानात गेला. मग सहा महिने त्यांनी फक्त मोडतोड केली. कळलं ते असं की मराठी वाक्य क्रियापदावर जाऊन बसतं, आणि प्रत्येक ओळ ‘आहे’वर बसली की गाणं दर चार मात्रांनी खुर्ची ओढून बसल्यासारखं वाटतं, म्हणून ‘आहे’ काढून टाकायचं. यमकं फार स्वस्त मिळतात, येतो-जातो-खातो; म्हणून ती घ्यायची नाहीत. मोनाली लांब स्वरावर आली की गळा आपोआप वळायचा, हरकत घ्यायचा, आणि लगेच ते भावगीत व्हायचं. ईशान गिटार थांबवून म्हणायचा, ‘मोने, परत रेडिओ लागला.’ मुख्य म्हणजे त्यांनी गिटारचे तुकडे आधी बांधून त्यात शब्द भरायचं बंद केलं. ते तुकडे इंग्रजी ऐकून ऐकून सुचलेले, त्यांची लांबी इंग्रजी शब्दांची, तोकडी आणि टोकदार. त्यात मराठी घातली की बाही आखूड झाल्यासारखी मनगटं बाहेर. आधी बोलणं, मग वाजवणं. जॉय म्हणाला, ‘तू नुसतं ओरड. गाऊ नको. तुमच्या गल्लीत कसं ओरडतात तसं ओरड, मी खाली ठोकतो.’

गल्लीत एकच गोष्ट ओरडली जायची. नळाला आठ-दहा दिवसांनी एकदा, कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. ज्याच्या नळाने आधी खाकरलं तो ओरडायचा, पानी आलं, आणि ती हाक घरागणिक पुढे सरकायची. प्रत्येक घर ती थोडी बदलून पुढे द्यायचं. एका म्हातारीचा आवाज शेवटी फाटायचा. शाळेत असताना मोनाली अर्ध्या झोपेत अंतरावरून ओळखायची की हाक कितव्या घरात पोचलीय आणि उठायला अजून किती श्वास आहेत. तिने ते कँटीनमागच्या खोलीत ओरडून दाखवलं. पा आणि नी, दोन लांब अक्षरं, पुढे आलं, आणि मग एकटाच ‘ऊठ’. जॉयने पा वर आणि नी वर पायातला मोठा ढोल मारला, ‘आलं’ मोकळं जाऊ दिलं, आणि ‘ऊठ’वर काठी इतकी जोरात मारली की तन्मय, जो कधी बोलत नसे, म्हणाला, ‘हेच.’ गाणं पंधरा दिवसांत झालं. त्यात दुष्काळावर भाषण नव्हतं. झोप होती, अंधार होता, रांगेत भांड्याऐवजी ठेवलेली चप्पल होती, आणि एका मुलीला उठायचं नव्हतं.

प्राथमिक फेरी गेल्या शनिवारी इथेच झाली. या वेळी कुणी चहाला गेलं नाही. तीन परीक्षकांपैकी दोन रॉकवाले. तिसरे वसंत निमकर, सुगम संगीतातले जुने गीतकार, पांढरा झब्बा, हातात छोटी टाचणवही. माइक त्यांच्याकडे आला तेव्हा ते म्हणाले, ‘गाणं चांगलं आहे. तुम्ही मराठीत लिहिता याचा आनंद आहे. फक्त एक करा, पाणी तेवढं शुद्ध करून घ्या.’ मांडव हसला. कोटी खरोखर चांगली होती. हसू यायला अर्धा सेकंदच लागला आणि त्या अर्ध्या सेकंदात मोनालीने बाजूला पाहिलं तर ईशानही हसत होता.

‘मार्क जातील, मोने,’ आता तो म्हणत होता. स्टेजच्या मागे, केबलच्या वेटोळ्यांजवळ तिने त्याला गाठलं होतं. चार वाजून सोळा मिनिटं. ‘उच्चाराचे दहा आहेत. मागच्या वर्षी पहिल्या आणि दुसऱ्यात चार मार्कांचा फरक होता. पहिल्याला स्टुडिओचे दोन दिवस आहेत. दोन दिवस. आपलं गाणं पहिल्यांदा धड रेकॉर्ड होईल.’

‘मला विचारलं का नाहीस?’

‘मला वाटलं शुद्धलेखनाची चूक आहे.’

‘सात वेळा?’

तो गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘बरं, नाही वाटलं तसं. मला वाटलं तुझी परत चेष्टा होईल.’

‘झाली तेव्हा तू हसलास.’

‘सगळेच हसले गं.’

‘सगळे बँडमध्ये नाहीत.’

जॉय काठ्या खिशात खोचून आला. कागद पाहिला, शीळ घातली. म्हणाला, ‘एक सांगू का? ण ओरडता येत नाही. जीभ वर चिकटते. एवढ्या आवाजात ते पाडी ऐकू येतं. न सरळ पुढं जातो. निमकरांना तसं सांग, टेक्निकल कारण आहे म्हणावं.’

‘हे भारी आहे,’ ईशान म्हणाला. ‘हेच सांगू. कागदावर पाणी राहू दे, गाताना न ऐकू आला तर ध्वनीचा प्रश्न. सगळे खूश.’

जॉयचं म्हणणं खरं होतं, तालमीत तिलाही ते जाणवलं होतं. पण खरं कारण हातात असूनही ते वापरलं तर खोटं होतं, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं आणि तिला ते धड मांडता येईना. तिला फक्त दिसत होती बादली, तिच्यात पडणारी धार आणि त्या आवाजाआड स्वतःशी ण घोकणारं तोंड. ती इंग्रजी गात होती तोवर कुणीच तिला पकडलं नव्हतं. अमेरिकेतलं एक अख्खं गाव तिने दीड वर्ष गिळलं आणि कुणाला ढेकर ऐकू आली नाही. इथे एक अक्षर, नाकातलं, निम्म्या मात्रेचं, आणि पांढऱ्या झब्ब्यातला माणूस वही काढून ते टिपून घेतो. निमकरांचा तिला राग येत नव्हता, हे तिचं तिलाच विचित्र वाटलं. आजवर तिचा शब्द ऐकणारा तो पहिला माणूस होता. चुकला असेल, पण ऐकला त्याने. जिथे चूक पकडली जाते तिथेच बोलण्यात काही राम आहे. मग तिथे जाऊन पुन्हा पाठ केलेलं म्हणून दाखवायचं असेल तर इंग्रजी काय वाईट होती? तिथे निदान पगड्या घालून कुणी बसलेलं नव्हतं. मराठीत गायचं ठरवलं त्या दिवशी तिला वाटलं होतं आपण घरी आलो. आता दारात कुणीतरी विचारत होतं, कोणत्या घरातली? आणि बँडचीच माणसं, मायेने, तिच्या वतीने खोटा पत्ता सांगत होती.

‘त्या गल्लीत कुणीच पाणी ओरडत नाही,’ ती म्हणाली. ‘पाणी ओरडलं तर कुणी उठणार पण नाही. वाटेल मास्तर आले.’

जॉय हसला. ईशान म्हणाला, ‘आणि स्टुडिओ?’

‘हवाय मला. तुझ्यापेक्षा जास्त हवाय.’

चार वाजून तेवीस मिनिटांनी तिने कागद क्लिपबोर्डवर ठेवला आणि सातही ठिकाणी ण वर एक एक सरळ रेघ मारून वर न लिहिला. दुसरा न जरा वाकडा आला. खाली सही केली. मग बाकीच्या दोन प्रतींवर तेच. सई म्हणाली, ‘ताई, खाडाखोड चालत नाही. आणि चारनंतर बदल असेल तर परीक्षकांना दाखवावा लागतो.’ मोनाली म्हणाली, ‘चल मग दाखवू.’

निमकर मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून चहा पीत होते. त्यांनी कागद लांब धरून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला. आवाज सौम्य होता. ‘बाळ, हे घाईत झालं असेल तर मी मूळ टाइप केलेलंच धरतो. गाताना तेवढं सांभाळा.’

‘घाईत नाही झालं, सर. टाइप घाईत झालं होतं.’

‘तू कुठली?’

‘जिंतूर.’

‘मी मंगळवेढ्याचा,’ निमकर म्हणाले, आणि कपातल्या चहाकडे पाहत राहिले. ‘रेडिओवर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा मी सुधारून गेलो. त्याचं पुढे चांगलंच झालं.’

तिने विचारलं, ‘आधी कसं म्हणायचात तुम्ही?’

‘आता आठवत नाही,’ ते म्हणाले. मग खिशातून पेन काढून तिन्ही प्रतींवर तिच्या सहीखाली तारीख आणि वेळ घातली. ‘बदल नोंदला. पण उच्चार हा उच्चार असतो. माझ्या हातून दहापैकी शून्य पडू शकतं, हे सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका सांगितलं नाही.’

‘नाही म्हणणार.’

सहा वाजून चाळीस मिनिटांनी त्यांचं नाव पुकारलं. मांडणीसकट वीस मिनिटं. आयोजकांच्या नियमाप्रमाणे एक गाणं स्वतःचं आणि दोन कुठलीही. ईशानने ठरल्याप्रमाणे आधी इंग्रजी लावलं. लोकांनी ओळखलं, ओरडले, आणि मोनालीला ते ओरडणं प्रथमच लांबून आल्यासारखं ऐकू आलं, शेजारच्या घरात लागलेल्या टीव्हीसारखं. ते संपल्यावर ती ईशानकडे वळली आणि म्हणाली, ‘दुसरं नको.’ यादीत अजून एक इंग्रजी होतं, सगळ्यात टाळ्या घेणारं. ईशानने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चार महिने घासलेला तो तुकडा दिसत होता. त्याने पायाजवळचं बटण दाबलं, आवाज खरखरीत केला आणि तन्मयला मानेने खूण केली.

ती गायली नाही, ओरडली. पहिल्या पानीला पुढच्या रांगेतून कुणीतरी स्पष्ट, मोठ्याने, हेल काढून ‘पाणीऽ’ म्हटलं, आणि हशा झाला. जॉयने ‘ऊठ’वर काठी मारली. दुसऱ्या वेळी तीच जागा, तोच हेल, हशा कमी. तिने त्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं आणि पुढची ओळ, चप्पल रांगेत ठेवल्याची, त्यालाच सांगितली. नजर काढली नाही. भीती होती, पण पाय घट्ट होते. मागे, मांडवाबाहेर, जिथे त्या कॉलेजच्या होस्टेलची पोरं भिंतीवर बसली होती, तिथून तिसऱ्या धृपदाला ‘आलं’ असं आलं. तिने दिलेल्या मोकळ्या जागेत, बेसूर, सात-आठ गळ्यांतून. ते कौतुक होतं की टिंगल, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. हाक पुढे गेली एवढं खरं.

सात वाजता ते खाली उतरले. ईशान केबल गुंडाळता गुंडाळता तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘शेवटच्या कडव्यात मी एक सूर चुकलो.’ ती म्हणाली, ‘कळलं मला.’ त्याने मान हलवली.

निकाल सव्वासातला जाहीर होणार होता. झाला नाही. साडेसातला निवेदकाने प्रायोजकांचे आभार दुसऱ्यांदा मानले. त्यानंतर सई मांडवाच्या मागून पळत आली, क्लिपबोर्ड छातीशी धरून, आणि म्हणाली की दोन परीक्षकांचे गुणतक्ते आलेत, बेरजा झाल्यात, निमकर सरांचाही आलाय, सगळं भरलंय, पण उच्चाराच्या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. विचारायला गेलो तर म्हणाले, थांबा जरा. सात वाजून एक्केचाळीस मिनिटांपर्यंत तो रकाना रिकामा होता.